इवान नव्हे, इवाने

फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झालं आणि 'ऑपरेशन गंगा'तून आम्ही परत आलो, तेव्हा मी पश्चिम युक्रेनमध्ये मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. पुढचे तास आमच्या फुलचूर गावातल्या घरातून, फोनवर. अभ्यास इंग्रजीतून चालायचा, पण डीनच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार युक्रेनियनमधून केला की काम लवकर हलतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या विद्यापीठात बदली हवी असेल तर आधी 'अकादेमिच्ना दोविदका' लागते. शिकलेले विषय, तास आणि गुण यांचा तो उतारा. तो मागण्याचं पत्र आमच्या गटात मी लिहायचं ठरलं, कारण भाषेच्या तासाला मी मन लावून बसायचे.

पत्र अडायचं ते मायन्यापाशी. डीनचं खरं नाव इथे देत नाही, पाठ्यपुस्तकातलं नाव घेते: इवान पेत्रोविच कोवालेन्को. इवान हे नाव, पेत्रोविच म्हणजे पेत्रोचा मुलगा, कोवालेन्को हे आडनाव. खारकीवमधून आलेल्या एका सीनियरने मला कच्चा मसुदा पाठवला होता, त्यात होतं, 'शानोवनी इवान पेत्रोविच'. शानोवनी म्हणजे आदरणीय. त्याच्याकडे तेव्हा रशियन शिकवत असत, आणि रशियनमध्ये हाक मारताना नाव जसंच्या तसं राहतं. जुनी संबोधनाची रूपं तिथे देवाला मारायच्या हाकेसारख्या मोजक्या शब्दांतच उरली आहेत. युक्रेनियनमध्ये मात्र संबोधन ही जिवंत सातवी विभक्ती आहे. तिथे लिहावं लागतं, 'शानोवनी इवाने पेत्रोविचू!' इवानचं इवाने झालं आणि पेत्रोविचचं पेत्रोविचू. दोन्ही बदलायला हवेत. नुसतं 'इवाने पेत्रोविच' लिहिलं की अर्धवट शिकलेला लगेच ओळखू येतो.

पदाने लिहायचं असेल तर 'शानोवनी पाने देकाने!' पान म्हणजे श्रीयुत, देकान म्हणजे डीन, आणि इथेही दोन्ही शब्दांना 'ए' लागतो. डीन बाई असतील तर 'पानी' बदलत नाही, पण ओलेना पेत्रिव्ना या नावाचं 'शानोवना ओलेनो पेत्रिव्नो' होतं. आडनावाबाबत सूट आहे. 2019 च्या लेखननियमांनुसार पान किंवा मित्र अशा शब्दापुढे आडनाव आलं तर ते संबोधनात घ्या किंवा मूळ रूपात ठेवा, दोन्ही चालतं. त्याआधी मूळ रूपच ठेवायचा नियम होता. पान हा शब्द मात्र बदललाच पाहिजे.

याच जागी मराठी माणूस गोंधळतो, आणि तो का गोंधळतो हे मला फुलचूरला बसूनच कळलं. संबोधन आपल्याकडेही आहे, शाळेत आठवी विभक्ती म्हणून पाठ केलेलं. पण आपण ते वापरतो कुठे? पोरी, मुला, देवा, विठ्ठला. म्हणजे जिथे अरे-तुरे आहे तिथे. आई मला 'ए प्रियंके' म्हणते, तेव्हा त्यात एक तर लाड असतो, नाही तर राग. मोठ्या माणसाच्या नावाला आपण असा प्रत्यय लावायला धजत नाही. त्यांना काका, साहेब, सर म्हणतो आणि शब्दाला हात लावत नाही. अनेकवचनी 'बंधूंनो'त आदर असतो, एकवचनात तो सांभाळायचा तर विभक्ती टाळायची. आमच्याकडच्या बोलीत तर हाकेचं सगळं काम 'गा' आणि 'वं' करतात. 'काय गा' पुरुषाला, 'काय वं' बाईला. त्यामुळे 'इवाने पेत्रोविचू' लिहिताना माझ्या गटातल्या निखिलला वाटलं, आपण डीनना एकेरीत हाक मारतोय. म्हणाला, "नाव जसंच्या तसं ठेव ना, जास्त मानाचं वाटते."

युक्रेनियनमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे विभक्ती न लावणं हेच खटकतं. 'शानोवनी पान देकान' वाचलं की वाचणाऱ्याला आपल्याशी कोणी बोलतंय असं न वाटता आपल्याविषयी बोलतंय असं वाटतं. वर रशियन वळणही दिसतं, आणि 2022 नंतर ते कोणाला रुचणार? आमच्या भाषेच्या शिक्षिका सांगायच्या की सोव्हिएत काळातल्या शालेय व्याकरणात या रूपाला विभक्तीत मोजतच नसत, 'हाकेचं रूप' म्हणून बाजूला ठेवत. 1990 च्या दशकात ते पुन्हा विभक्तींच्या रांगेत आलं. म्हणून तो बदल पाहिलेल्या पिढीचे लोक त्याबाबत जास्त जागरूक असतात.

निखिलला पटलं ते आजोबांच्या जुन्या पत्रांवरून. 'ती. बाबांस सा. न.', 'चि. अमित यास आशीर्वाद'. आपल्याकडे पत्राचा मायना चतुर्थीत असायचा. युक्रेनियन अर्जाच्या डोक्यावरही तसंच असतं. उजव्या कोपऱ्यात 'देकानू', म्हणजे डीनना, मग आडनाव चतुर्थीत 'कोवालेन्कू', त्याखाली कोणाचा अर्ज ते षष्ठीत, मग मधोमध 'झायावा' हा शब्द आणि थेट मागणी. अशा अर्जात मायना नसतोच. संबोधन लागतं ते पत्रात. आम्हाला दोन्ही पाठवायचे होते, अर्ज जोडपत्र म्हणून आणि वर पत्र. म्हणून एकाच माणसाचं नाव एका ठिकाणी 'इवानू' आणि दुसऱ्या ठिकाणी 'इवाने' आलं.

बोलण्यात तर या प्रत्ययावर अर्थच उभा राहतो. मुलांच्या वॉर्डातला प्रसंग सांगते. ओलेन्का नावाची लहान मुलगी, शेजारी तिची आई. 'ओलेन्का यीला?' विचारलं तर तो आईला प्रश्न झाला, ओलेन्का जेवली का? 'ओलेन्को, यीला?' म्हटलं की प्रश्न त्या मुलीलाच, जेवलीस का? मराठीत जेवली आणि जेवलीस यांत फरक दिसतो. युक्रेनियन भूतकाळात क्रियापद लिंग सांगतं, पण तू की ती हे सांगत नाही. ते नावाच्या शेवटच्या स्वरावरून कळतं. पेशंटही आम्हाला 'लीकार' म्हणत नसत, 'लीकार्यू' म्हणत. आणि मुलाला हाक मारताना आई 'सिनू' म्हणायची, तेव्हा मला शाळेतल्या संस्कृतमधला सूनु आणि त्याचं 'हे सूनो' आठवायचं. दोन्ही रूपं एकाच मुळातली आहेत.

आपली नावंही या साच्यात बसतात. मी प्रियंको झाले, निखिल निखिले झाला, आणि ई-कारान्त नावाची वैशाली होती तशीच राहिली. अडचण आली स्नेहलची. व्यंजनान्त परदेशी नाव पुरुषाचं असेल तर त्याला विभक्ती लागते, बाईचं असेल तर ते अजिबात बदलत नाही. कार्यालयाला स्नेहल मुलगी आहे हे कसं कळणार? उत्तर आलं, 'शानोवनी स्नेहले!' म्हणजे तिला मुलगा धरून. तेवढ्याने बिघडलं नसतं, पण उताऱ्यावरही पुल्लिंगी 'विद्यार्थी' छापला गेला आणि तो पासपोर्टशी जुळेना. पुन्हा अर्ज करावा लागला. या वेळी मी सहीच्या वर 'स्तुदेंत्का' लिहायला लावलं आणि मजकुरात एक वाक्य मुद्दाम भूतकाळातलं घातलं, 'मी तिसरं वर्ष पूर्ण केलं' असं, कारण तिथे क्रियापद बाईचं आहे हे लपत नाही. नवा उतारा दुरुस्त होऊन आला, सोबतच्या पत्राला मायना होता, 'शानोवना स्नेहल!'