सोबतचें पत्र

हिशेबांतील तफावत एका आंकड्यांत मावते. ती कां पडली हें सांगावयास मात्र पत्र लिहावें लागतें. असें एक पत्र लिहितांना मला जो धडा मिळाला, तो येथें सांगतों.

आमचे एक अशील साड्यांचे व्यापारी आहेत. ३१ मार्चच्या रात्रीं दुकान बंद झाल्यावर मालाची मोजदाद झाली. साठावहीप्रमाणें १,२४० साड्या हव्या होत्या, भरल्या १,१८६. चोपन्नांची तूट पाहतांच बावीस वर्षें गुदाम सांभाळणाऱ्या अण्णांना घरीं बसवावें, असें शेटजींनीं मनाशीं ठरविलें. "चार दिवस थांबा," एवढेंच मी म्हणालों.

प्रथम मीं जांगडवही मागविली. तींत तीस साड्या परगांवच्या दुकानदाराकडे पसंतीसाठीं गेल्याची नोंद होती. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें, घेणारानें पसंती कळवीपर्यंत किंवा परत करण्याची मुदत टळेपर्यंत असा माल धन्याचाच असतो. या साड्यांची मुदत शिल्लक होती. म्हणजे त्या दुकानांत नसल्या तरी साठ्यांत धरावयास हव्या होत्या. पुढें चलनें व बिलें तारीखवार लावून पाहिलीं. अठरा साड्या ३१ मार्चला दुपारीं गिऱ्हाइकाकडे पोंचल्या होत्या, पण बिल १ एप्रिलचें होतें. माल गेला, वही मात्र तशीच राहिली. अशा अठ्ठेचाळीस साड्यांचा उलगडा झाला, सहाच उरल्या.

मीं पत्राचा मसुदा लिहिला. इतक्यांत अण्णा आले व म्हणाले, "साहेब, फॉल लावण्यासाठीं ठेवलेल्या गठ्ठ्यांतील चार साड्याही तुम्हीं मोजल्या आहेत. त्यांचें बिल झालें आहे, पैसेही आले आहेत. त्या आपल्या नव्हेत."

मीं ताडून पाहिलें. खरेंच होतें. त्या परक्या चार साड्यांनीं आमच्याच चार साड्यांची तूट झांकली होती. खरी तूट सहा नव्हे, दहा होती.

"अण्णा, यानें तुमच्यावरचा बोजा वाढतो," मी म्हणालों.

"ठाऊक आहे," ते म्हणाले, "पण मोजणी चुकीची कशी ठेवावी?"

एक चूक वजा आणि दुसरी अधिक, अशा परस्परांना झांकतात. म्हणून तफावत लहान झाली कीं हिशेब जुळत आला असें मानूं नये, हें मी विद्यार्थ्यांना नेहमीं सांगत आलों होतों. त्या दिवशीं तें मीच विसरलों होतों.

मसुदा फाडून मीं नवें पत्र लिहिलें. तीस, अठरा व चार यांचा पुराव्यासह खुलासा केला. उरलेल्या दहांबद्दल लिहिलें: "कारण सांपडलें नाहीं. तूट म्हणूनच नोंदवावी. कोणाच्याहि नांवें टाकण्यास आधार नाहीं." शेवटीं एक वाक्य जोडलें: "यांपैकीं चार साड्यांची तूट अण्णांनीं स्वतः दाखवून दिली."

अण्णा आजहि गुदामावर आहेत. त्या दहा साड्यांचा पत्ता अद्याप लागलेला नाहीं.