फिरनीची तहान

माझगावच्या आमच्या जुन्या चाळीत समोरच्या बिऱ्हाडात एक खाला राहायच्या. रमजानच्या दिवसांत दुपार कलली की त्यांच्या ओट्यावर मातीच्या वाट्यांची रांग लागायची आणि प्रत्येक वाटीत फिरनी बसलेली असायची. तिच्यासाठी ‘बसलेली’ हाच शब्द योग्य. खीर वाटीत हिंदकळते, बासुंदी काठाला लागून वाहते. फिरनी मात्र एकदा आपली जागा धरली की वाटी तिरकी केली तरी हलत नाही. चमचा घातला की कापल्यासारखी खाच पडते, आणि जिभेवर आली की चावायला काही न ठेवता विरघळते.

घराणं तिचं फारसी. इराणात तिला फेरेनी म्हणतात. आपल्याकडे ती दिल्ली-लखनौची झाली, आणि मुंबईत रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या आसपास तिच्या वाट्यांच्या चळती लागलेल्या दिसतात. साहित्य म्हणाल तर दूध, तांदूळ, साखर, म्हणजे खिरीचंच. पण खिरीत तांदूळ अख्खा असतो, इथे तो वाटलेला असतो, आणि तेवढ्यानेच स्वभाव पार बदलतो.

तो स्वभाव खालांनी मला दोन शब्दांत सांगितला होता: ‘प्यासी है.’ तहानलेली आहे. तांदळाच्या प्रत्येक कणाला पोटभर पाणी मिळालं की ती मऊ होते आणि थंड होताना घट्ट बसते. मिळालं नाही, तर एकतर गुठळी होते किंवा कच्च्या पिठाची चव मागे राहते. पुढे मी फिरनीत जे जे बिघडवलं, त्याचं कारण या तहानेपाशीच सापडलं.

माझी पहिली फिरनी तयार तांदळाच्या पिठाची होती. दूध उकळत होतं, त्यात मी पीठ भुरभुरलं, आणि दोन मिनिटांत वर लहान लहान गोळे तरंगायला लागले. त्यातला एक बशीत काढून चमच्याने कापला. बाहेरून तो ओल्या साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक होता आणि आत कोरडं, पांढरंशुभ्र पीठ. तांदळातलं स्टार्च साधारण ७० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतं. उकळत्या दुधात पडलेल्या पिठाचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि आतल्या कणांवर दार लावून घेतो. दूध चारही बाजूंनी असतं, पण आतले कण तहानलेलेच राहतात. असा गोळा पळीने दाबत बसून उपयोग नाही, त्याचे छोटे गोळे होतात. मिश्रण गाळून घ्यावं, गाळणीतले गोळे थंड दुधात मिक्सरमधून फिरवावेत आणि पुन्हा शिजायला सोडावेत. गाळून फेकून दिले, तर तेवढा तांदूळ कमी होऊन फिरनी सैल राहते.

खाला पीठ वापरतच नसत. एक लिटर सायीच्या दुधाला ६० ग्रॅम जुना बासमती, लहान दोन मुठी. तो धुऊन तासभर भिजवायच्या, म्हणजे पहिलं पाणी दाणा थंडपणीच पितो. मग निथळून, फडक्यावर पसरून वरचा ओलावा जाऊ द्यायचा आणि वाटायचं. किती बारीक? रांगोळीची चिमूट सोडताना बोटांना जसं रवाळ लागतं, तेवढं. त्याहून जाड ठेवलं तर खाताना कणी लागते. पार पीठ केलं तर फिरनी खळीसारखी चिकट होते.

वाटलेल्या तांदळात कपभर गार दूध घालून ढवळायचं, म्हणजे प्रत्येक कण सुटा होऊन भिजतो. जरा वेळाने कण तळाशी बसतात, म्हणून ओतण्याआधी पुन्हा तळापासून हलवायचं. उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळलं की आच अगदी मंद करून एका हाताने बारीक धार सोडायची आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पहिल्या पाच मिनिटांत हात थांबला की गुठळी झालीच.

पाच-सात मिनिटांत मिश्रण दाटतं, आणि झाली असं वाटतं. दाट दिसणं वेगळं आणि शिजणं वेगळं. या वेळी थेंबभर चाखलं तर जिभेच्या मागच्या बाजूला खडूसारखं काहीतरी राहतं, तो कच्चटपणा. मंद आचेवर आणखी वीस मिनिटं तरी लागतात. कणाचा पोटातला पांढरा ठिपका जातो, दोन बोटांत चुरडला तर तो कुठेही अडत नाही, आणि पिठाचा वास जाऊन भाताचा वास येतो. तोपर्यंत बूड खरवडत राहायचं.

साखर तोपर्यंत बाजूला ठेवायची. ती स्वतः पाण्याची भुकेली. लवकर पडली तर दुधातलं पाणी आपल्याकडे ओढते आणि तांदूळ उशिरा फुगतो. कण पुरते शिजले की १०० ग्रॅम साखर घालायची. मिश्रण लगेच थोडं पातळ होतं, त्याला घाबरून आणखी तांदूळ घालायचा नाही. पाच मिनिटांत ते पुन्हा सावरतं. थंड स्टीलच्या ताटलीवर चमचाभर टाकून दोन मिनिटं थांबावं आणि बोटाने मधून रेघ ओढावी. रेघ उघडी राहिली तर गॅस बंद. पातेल्यात फिरनी आपल्याला हवी त्याहून जरा सैलच दिसायला हवी, कारण उरलेला घट्टपणा थंड होताना येतो. पातेल्यातच घट्ट झालेली फिरनी सकाळी बर्फीसारखी कापावी लागते. वेलची आणि केवड्याचे दोन थेंब शेवटी.

आता उरली मातीची वाटी, आणि तीही तहानलेली. कोरडी वाटी पाण्यात बुडवली की तिच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात. खाला त्या बुडबुड्यांकडे बघत बसायच्या. ते थांबेपर्यंत वाटी पाण्यातच. नवी असेल तर रात्रभर. मग पुसून, ओली पण पाणी न साचलेली, फिरनीखाली ठेवायची. न भिजवलेल्या वाटीत मी एकदा ओतली होती. वाटीने काठाकडचं पाणी शोषून घेतलं, फिरनी कडेने सुटली आणि मधे भेग पडली. भिजलेली वाटी उलट वागते. आतला ओलावा हळूहळू बाहेर झिरपून उडतो, माठातल्या पाण्यासारखी फिरनी सावकाश गार होते, आणि पहिल्या पावसाचा पुसटसा वास तिला लागतो. वाटी गुळगुळीत झिलई दिलेली असेल तर यातलं काही होत नाही.

कोमट असतानाच ओतायची, वर पिस्त्याचे काप टाकायचे आणि मग तिला हात लावायचा नाही. अर्धवट बसलेली फिरनी हलली की मोडते आणि पुन्हा तशी जुळत नाही. तासभर ओट्यावर, मग चार तास फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशीपर्यंत ती उत्तम राहते. तिसऱ्या दिवशी वाटीच्या कडेने पाण्याची पातळ रेघ दिसते. थंडीत स्टार्च आकसत जातं आणि मंद आचेवर इतक्या सावकाश प्यायलेलं पाणी थेंबाथेंबाने परत करतं. खाला त्या आधीच वाट्या चाळभर वाटून टाकायच्या. आम्ही रिकामी वाटी परत द्यायला जायचो तेव्हा ती बाहेरून अजून ओली आणि गार असायची.