मामांचं डिझेल आणि माझी वही

ही नोंद जरा उशिरा टाकतोय, कारण हिच्यात चूक माझीच आहे.

मी राहतो कांजूरमार्गला, शेत राहुरी तालुक्यात. नोकरीमुळे शेताचा हिशेब फोनवरच चालतो. मेच्या सुरुवातीला धाकट्या भावाने नांगरटीचा हिशेब पाठवला. बांधापलीकडच्या मध्यम जमिनीला एकरी साडेसहा लिटर डिझेल. इकडच्या भारी काळ्या रानातले 3 एकर झाले, त्याला 36 लिटर, म्हणजे एकरी 12. ट्रॅक्टर तोच, दोन फाळी पलटी नांगर तोच, ड्रायव्हर मामाही तेच.

मी वही काढली. नांगराची ओढ काढायला अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं (एएसएबीई) एक सूत्र आहे, डी497 या मानकातलं. कृषी अभियांत्रिकीवाल्यांना ते माहीत असतं:

```
D = F × (A + B×S + C×S²) × W × T
```

D म्हणजे ओढ, न्यूटनमध्ये. S वेग, ताशी किलोमीटर. W कामाची रुंदी मीटरमध्ये, T खोली सेंटिमीटरमध्ये. पलटी नांगराला A 652, B शून्य, C 5.1. F मातीच्या पोताचा: भारी जमिनीला 1, मध्यमला 0.7, हलक्या रेताडला 0.45. आपला नांगर 60 सेंटिमीटर रुंदीचा, खोली 20, वेग 4. भारी रानात उत्तर येतं 8,800 न्यूटन, म्हणजे साधारण 900 किलोची ओढ. मध्यम जमिनीत 630 किलो.

ओढीवरून डिझेल काढायला मी सोपं गणित करतो. ओढ किलोमध्ये घ्यायची, 0.011 ने गुणायची आणि नांगराच्या मीटरमधल्या रुंदीने भागायची. एकरी किती युनिट काम झालं ते मिळतं, विजेच्या बिलातलं तेच युनिट. एका लिटर डिझेलमध्ये 10 युनिट असतात, पण इंजिन, गिअर आणि टायर यांत जळून-घसरून नांगरापर्यंत दोनसुद्धा पोचत नाहीत. आमच्या ट्रॅक्टरला मी 1.8 धरतो. मध्यम जमिनीचे आले 6.4 लिटर, बिलाला अगदी जुळणारे. भारीचे आले 9.2. तीन एकरात फरक सुमारे 8 लिटरचा.

एक आकडा जुळला म्हणून दुसऱ्यावरही मी डोळे झाकून विश्वास ठेवला. भावाला फोन करून म्हणालो, "उरलेले दोन एकर थांबव, मामांना विचार डिझेल कुठं गेलं." भाऊ म्हणाला, "दादा, तू येऊन बघ आधी." मामांपर्यंत ते पोचलंच. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत.

शनिवारी निघालो. जाताना इथल्या एका भंगारच्या गाळ्यातून 3 टनी लटकता डिजिटल काटा भाड्याने घेतला. ओढ मोजायची जुनी पद्धत दोन ट्रॅक्टरची. नांगराचा ट्रॅक्टर मागे, न्यूट्रलमध्ये. इंजिन फक्त हायड्रॉलिकसाठी चालू. पुढे दुसरा ट्रॅक्टर, दोघांच्या मध्ये साखळीत काटा. एकदा नांगर पूर्ण खोलीवर घालून ओढायचं, एकदा उचलून. दोन्हींतला फरक म्हणजे नांगराची ओढ. पुढचा ट्रॅक्टर वजनदार पाहिजे, नाहीतर जागच्या जागी चाकं फिरतात; आम्ही शेजाऱ्यांचा फोर-व्हील ड्राइव्ह घेतला. काट्याचे आकडे नाचतात म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर सरासरी घेतली. आणि साखळीजवळ कुणाला उभं राहू देऊ नका, तुटली तर जीव जाईल.

नांगर घातलेला 1,330, उचललेला 180. ओढ 1,150 किलो. गणितात घातली तर एकरी 11.7 लिटर, तीन एकराला 35. मामांनी 36 टाकलेलं.

फाळ झिजलाय का, खोली जास्त लागतेय का, हे आधी पाहिलं. तासात दहा ठिकाणी पट्टी लावली, सरासरी 20 च. मग माती. 12 सेंटिमीटरवरून 100 ग्रॅम माती काढली आणि तव्यावर मंद आचेवर वजन उतरायचं थांबेपर्यंत परतली. 88.5 ग्रॅम उरली. ओल 13 टक्के, कोरड्या वजनावर. हरभरा निघून पाच आठवडे झालेले, रान दगड झालेलं. ढेकळं एवढी की माणूस बसेल.

सूत्र पुन्हा वाचलं. त्यात पोताचा आकडा आहे, ओलीचा नाहीच. खाली लिहिलंय की उत्तर 40 टक्के वर-खाली जाऊ शकतं. मी ती ओळ दरवेळी वाचतो आणि सोडून देतो. आमच्याकडची ओल बहुतेक त्या 40 टक्क्यांतच लपलेली. काळ्या मातीत तर फारच, कारण ती वाळली की आवळून घट्ट होते.

नंतर वळीव झाला, दोन रात्री चांगला. पाच दिवसांनी उरलेल्या दोन एकरांत पुन्हा काटा लावला. 100 ग्रॅमची माती 81.3 झाली, ओल 23 टक्के. मुठीत दाबली की गोळा व्हायचा, बोटाने टोचला की फुटायचा; म्हातारी माणसं वाफसा म्हणतात तो हाच. ओढ 765 किलो. तेच रान, तोच नांगर, तीच खोली, आणि ओढ एक तृतीयांश कमी. टाकी काठोकाठ भरून एक एकर नांगरला, परत काठोकाठ भरली: 8 लिटरला थोडं कमी. गणित 7.8 सांगत होतं.

विहिरीकडचा खोलगट कोपरा मात्र ओलाच होता, 34 टक्के. तिथं काटा लावता आला नाही, पुढचा ट्रॅक्टरच घसरायला लागला. म्हणून घसरण मोजली. टायरला खडूची खूण करायची, नांगर उचलून चाकाचे दहा फेरे, अंतर 41 मीटर. नांगर घालून वाफशातल्या रानात 36.5 मीटर, म्हणजे 11 टक्के घसरण, चालते. कोपऱ्यात 30.5, म्हणजे 26 टक्के. फाळाला माती चिकटून नांगर चोपडा झालेला, माती उलटायची सोडून लांब पट्टे निघत होते. अर्ध्या एकराला 6 लिटर. इथं 1.8 धरलं तर फसाल. नांगर हलका वाटतो, पण डिझेल टायर खातो. शिवाय खाली चाकाने दाबलेला थर राहतो तो वेगळाच. उरलेला कोपरा तसाच सोडला.

हे आकडे आमच्या ट्रॅक्टरचे आणि आमच्या रानाचे. जुनं इंजिन असेल, चुकीच्या गिअरला चालवत असाल, तर 1.8 चं दीड होईल. एका एकराची टाकी-भर चाचणी करून आपला आकडा आपणच काढा. रोटाव्हेटरला हे लावू नका, त्याची ताकद पीटीओतून जाते.

रविवारी सकाळी मामांच्या घरी गेलो. वही नेली होती, पण उघडली नाही. "चुकलं माझं," म्हणालो. मामा म्हणाले, "मी भावाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रान वाळलंय, पाणी दे नाहीतर पावसाची वाट बघ." भावाला विचारलं, तर त्याने मला फोनवर ते सांगितलेलं. माझ्या लक्षातच नाही.

दोन दिवसांची मजुरी दिली. ती त्यांनी घेतली, चहा मात्र बाहेर ओट्यावरच झाला. यंदा हरभरा निघाला की आठवड्याच्या आत माती तव्यावर घालायची ठरलंय. तवा मामाच ठेवणार आहेत.