नुसता स्कोअर आला की…

२९ जून २०२४ची रात्र. बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल चालू होती. आमच्या घरात मुलं टीव्हीसमोर ठाण मांडून बसली होती आणि मी स्वयंपाकघर आवरत एक डोळा तिकडे ठेवून होते. अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला. आखातात नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने एक स्क्रीनशॉट पाठवला होता. सोबत एक शब्दही नव्हता.

फलक साधाच होता. दक्षिण आफ्रिका १४७ वर ४, पंधरा षटकं पूर्ण. जिंकायला ३० चेंडूंत ३० धावा हव्या. खाली CRR 9.80 आणि RRR 6.00.

मी पडले गणिताची शिक्षिका. परीक्षेत आकडे येतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर ‘सोडवा’ असं लिहिलेलं असतं. इथे ते नव्हतं, तरी मी सोडवायला बसले. ओले हात पुसले आणि लिहिलं, “बघ, आतापर्यंत ते षटकामागे ९.८ धावा काढत आलेत. आता त्यांना षटकामागे फक्त सहा लागतात. हातात सहा विकेट आहेत. म्हणजे सामना गेला असं समज.” दोन निळ्या खुणा उमटल्या, पण उत्तर आलं नाही.

दोनच मिनिटांत अम्मीकडून तेच चित्र आलं. भावाने तिलाही पाठवलं होतं आणि तिने ते जसंच्या तसं माझ्याकडे ढकललं होतं. अम्मी गावी असते. तिला रनरेट कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही. अब्बा होते तेव्हा ते रेडिओ कानाला लावून बसायचे आणि अम्मी स्वयंपाकघरातून दोनच प्रश्न विचारायची : कोण पुढे आहे, आणि संपायला किती वेळ आहे? ते आठवलं आणि मी आवाजी निरोप पाठवला, “अम्मी, सध्या ते पुढे आहेत. अजून पाच षटकं आहेत, अर्ध्या तासात संपेल.” तिचं उत्तर लगेच आलं, “मग हा पोरगा आज झोपायचा नाही.”

चित्र एकच होतं. अम्मीचा प्रश्न मला बरोबर कळला, भावाचा कळला नाही. असं का झालं याचा विचार करताना आधीचे दोन प्रसंग आठवले.

पहिला प्रसंग नववीतल्या एका विद्यार्थ्याचा. एका दुपारी त्याने २०११च्या वर्ल्डकप फायनलचा फलक पाठवला : भारत २७७ वर ४, षटकं ४८.२, धावगती ५.७३. मी खुलून गेले. वानखेडेची ती रात्र, गंभीरचे ९७, धोनीचे नाबाद ९१ आणि शेवटचा तो षटकार, असं सगळं चार-पाच ओळींत लिहून काढलं. त्याने “जी मॅडम” लिहिलं आणि दुसरं चित्र पाठवलं. ते कॅल्क्युलेटरचं होतं. २७७ भागिले ४८.२, उत्तर ५.७४६…

तेव्हा उलगडा झाला. इतक्या वर्षांनी त्या सामन्याचा निकाल कोणी कशाला विचारेल? तो निकाल घराघरात ठाऊक आहे. जुन्या सामन्याचा फलक गणिताच्या शिक्षिकेला येतो, तेव्हा त्यात बहुधा हिशोबच अडलेला असतो. चूक मुलाची नव्हती, त्या टिंबाची होती. ४८.२ मधलं टिंब दशांशचिन्ह नाही. टिंबाआधी पूर्ण षटकं आणि टिंबानंतर वरचे चेंडू. षटक सहा चेंडूंचं, म्हणून टिंबानंतर ५ पेक्षा मोठा आकडा कधीच येत नाही. त्यावरूनच ओळखायचं. म्हणजे ४८ षटकं दोन चेंडू, एकूण २९० चेंडू. २७७ला २९०ने भागा आणि सहाने गुणा, की ५.७३ येतात. इथे फरक फार छोटा आहे, पण डावाच्या सुरुवातीला तो मोठा होतो. १.५ षटकांत २० धावा झाल्या, तर ११ चेंडूंच्या हिशोबाने धावगती १०.९१ येते, आणि टिंबाला दशांश समजलं तर १३.३३. मुलाला हवं होतं ते एवढंच. मी मात्र त्याला वानखेडे फिरवून आणलं होतं.

दुसरा प्रसंग माझ्या भाचीचा. ६ नोव्हेंबर २०२३ला दिल्लीत श्रीलंका आणि बांगलादेशचा सामना झाला. संध्याकाळी तिच्याकडून श्रीलंकेच्या डावातल्या एकाच ओळीचं चित्र आलं. अँजेलो मॅथ्यूज, timed out, ० धावा, ० चेंडू. बाकीचा फलक तिने कापून टाकला होता. इथे अंदाज बांधायची गरजच नव्हती. अख्ख्या फलकातून कोणी एकच ओळ कापून पाठवतं, तेव्हा प्रश्न त्या ओळीतच असतो. एकही चेंडू न खेळता माणूस बाद कसा होतो, हे तिला हवं होतं.

मी नियम सांगितला. आधीचा फलंदाज बाद झाल्यावर नवा चेंडू खेळायला तयार व्हायला ठरावीक वेळ मिळतो. क्रिकेटच्या मूळ कायद्यात तो तीन मिनिटांचा आहे, त्या वर्ल्डकपच्या नियमांत दोन मिनिटांचा होता. मॅथ्यूज मैदानात आला, पण त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला आणि दुसरं हेल्मेट मागवण्यात वेळ गेला. शाकिबने अपील केलं आणि पंचांनी बाद दिलं. समोरच्या संघाने अपील केल्याशिवाय पंच स्वतःहून असं बाद देत नाहीत. ही विकेट गोलंदाजाच्या खात्यात जात नाही, म्हणून त्या ओळीत गोलंदाजाचं नावही नसतं. आंतरराष्ट्रीय सामन्यात असं बाद होणारा मॅथ्यूज पहिलाच.

यावर भाची म्हणाली, “पण खाला, हे बरं दिसतं का?” आता हा प्रश्न नियमाचा राहिला नव्हता. पंचांनी शाकिबला अपील मागे घेणार का विचारलं होतं आणि त्याने घेतलं नाही, एवढं सांगून मी थांबले. त्यावर आमच्या दस्तरख्वानवर दोन दिवस वाद रंगला आणि तो तिथेच शोभत होता.

या प्रसंगांवरून मी एक सवय लावून घेतली आहे. नुसता फलक आला की आकड्यांकडे नंतर बघते, आधी तीन गोष्टी बघते. पाठवणारा कोण आहे आणि त्याला यातलं किती कळतं? सामना चालू आहे, आज संपला, की जुना आहे? आणि चित्र पूर्ण आहे की एखादा भाग कापून पाठवलाय? चालू सामन्याचं चित्र असेल तर फोनच्या वरच्या पट्टीतली वेळही बघते. आखातातून आलेल्या चित्रावरचं घड्याळ आपल्या मागे असतं, तेवढं लक्षात ठेवायचं. अर्ध्या तासापूर्वीच्या फलकावर आत्ताचं भाकीत केलं तर हसं होतं. एवढं करूनही कळलं नाही, तर सामन्याची स्थिती एका वाक्यात लिहून विचारते, “हिशोब हवा की हकिकत?”

भावाच्या चित्राला यातली कुठली कसोटी लावायला हवी होती? पहिलीच. तो लहानपणापासून अब्बांच्या शेजारी बसून धावफलक वहीत उतरवायचा. तीस चेंडूंत तीस म्हणजे सहाची गती, हे त्याला माझ्याकडून शिकायचं नव्हतं. चित्र पूर्ण होतं, त्या क्षणाचं होतं, त्यात विचित्र असं काही नव्हतं. म्हणजे नियम नको, हिशोब नको आणि सामना तो स्वतः बघतच होता, त्यामुळे सारांशही नको. मग उरलं काय, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

आणि माझा हिशोब बरोबर असूनही निष्कर्ष चुकला, तो वेगळाच. धावगती झालेल्या चेंडूंची सरासरी सांगते, पुढचे चेंडू कोण टाकणार हे सांगत नाही. ९.८० हा आकडाही फुगलेला होता, कारण पंधराव्या एकाच षटकात २४ धावा निघाल्या होत्या. आणि बुमराहची दोन षटकं अजून शिल्लक होती. ते फलकाच्या त्या वरच्या ओळीत कुठेच दिसत नाही, त्यासाठी गोलंदाजीचा तक्ता उघडावा लागतो. त्याने सोळावं षटक टाकलं, चारच धावा गेल्या. सतराव्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकने क्लासेनला बाद केलं. अठराव्यात पुन्हा बुमराह, दोन धावा आणि एक विकेट. लागणारी गती सहावरून साडेसहा, मग ७.३३, मग दहा आणि शेवटच्या षटकाला सोळा झाली. आफ्रिका १६९वर थांबली. भारत सात धावांनी जिंकला.

पोरांनी घर डोक्यावर घेतलं. मी भावाला फोन लावला. तो रडत होता. आनंदाचं रडू आहे असं मला वाटलं, आणि होतंही तसंच, पण थोड्या वेळाने तो म्हणाला, “आपा, खोलीतले सगळे रात्रपाळीला गेलेत. मी एकटाच बघत होतो. पंधराव्या षटकानंतर बघवेना. कोणी जागं आहे का, म्हणून पाठवलं. तू तर सामनाच संपवून टाकलास.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला फक्त शेजारी कोणीतरी बसायला हवं होतं. अब्बा असते तर त्यांनी “बैठ, बघू या” एवढंच म्हटलं असतं.

पुढच्या वर्षी ९ मार्चला, रमजानात, दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल झाली. आमचा इफ्तार होऊन गेला होता, आखातात अजून व्हायचा होता. भावाचं चित्र आलं. भारत बिनबाद शंभराच्या पुढे, समोर न्यूझीलंडच्या २५१ धावा. बोट आपोआप हिशोबाकडे वळलं, कारण बत्तीस षटकं आणि दीडशे धावा हे गणित तोंडीच होत होतं.

मी ते लिहिलं नाही. लिहिलं, “मी पण बघतेय. तुझ्या इफ्तारला किती वेळ आहे?”

यावेळी उत्तर लगेच आलं.