ज्याचं ताट, त्याचा कर

हॉटेलच्या बिलाची वाटणी हा माणसाला आयुष्यभर पुरणारा हिशेब आहे. शाळेत असेपर्यंत पैसे वडील देतात. कॉलेजात काँट्री निघते आणि सगळ्यांनी वडापाव-चहाच घेतलेला असल्याने सारखी वाटणी कोणाला खुपत नाही. खरी अडचण नोकरी लागल्यावर सुरू होते. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखान्यांतली माणसं पगारानंतर एकत्र जेवायला बसतात, तेव्हा एकाच टेबलावर मटण खाणारा असतो, उपवासाचा असतो आणि महिन्याचे हप्ते भरून हात आखडलेलाही असतो. तिथे ‘भागिले चार’ म्हणणं सोपं असतं, पण त्याचा भार कमी खाणाऱ्यावर पडतो, आणि तोच सहसा गप्प बसतो.

चौघांचं एक बिल धरू. पहिल्याची मटण थाळी ३८० रुपये, दुसऱ्याची चिकन थाळी ३००, तिसऱ्याची शेवभाजी-भाकरी २००, चौथ्याचा भात आणि ताक १२०. पदार्थांची बेरीज १,००० झाली. हॉटेलने त्यावर पाच टक्के सर्व्हिस चार्ज लावला, म्हणजे ५० रुपये. जीएसटी या दोन्हींच्या बेरजेवर, १,०५० रुपयांवर लागतो. पाच टक्क्यांनी तो ५२.५० होतो. बिलावर तो केंद्र आणि राज्य असा अडीच-अडीच टक्क्यांत दिसतो. एकूण १,१०२.५०.

सारखे चार भाग केले तर प्रत्येकी सुमारे २७६ रुपये येतात. भात-ताकवाल्याला हे दुपटीहून जास्त पडतात, आणि मटणवाल्याचे शंभराहून अधिक रुपये इतर जण भरतात. काही मंडळी पदार्थ ज्याचे त्याला लावतात, पण कर आणि चार्जचे १०२.५० चौघांत सारखे वाटतात. हेही बरोबर नाही. मग चौथ्याला १४५.६३ भरावे लागतात. कर टक्क्यांनी लागतो, माणशी लागत नाही; म्हणून तो ज्याच्या त्याच्या खाण्याच्या प्रमाणातच गेला पाहिजे.

त्यासाठी एकच भागाकार पुरतो: एकूण बिल भागिले पदार्थांची बेरीज. इथे तो आकडा १.१०२५ येतो. प्रत्येकाने आपल्या पदार्थांची किंमत त्याने गुणायची. मटणाचे ४१८.९५, चिकनचे ३३०.७५, शेवभाजीचे २२०.५०, भात-ताकाचे १३२.३०. बेरीज पुन्हा १,१०२.५० जुळते, आणि ती जुळणं हीच पडताळणी. जुळली नाही तर एखादी भाकरी किंवा पाण्याची बाटली कोणाच्याच नावावर लागलेली नसते. तिघांनी मिळून खाल्लेली हंडी आधी त्या तिघांत वाटावी, मग गुणाकार करावा. संपूर्ण बिलावर सूट असेल तर तीही याच भागाकारात आपोआप वाटली जाते.

मात्र भागाकाराआधी बिल वाचायला हवं. सर्व्हिस चार्ज सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. तो काढायला लावला तर वरच्या बिलातून ५० नव्हे, त्यावरच्या करासह ५२.५० कमी होतात आणि गुणक १.०५ राहतो. रस्त्याकडेच्या लहान खाणावळी बऱ्याचदा कंपोझिशन योजनेत असतात. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असणाऱ्यांना ती घेता येते, पण त्यांनी ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घ्यायचा नसतो. तशी नोंद बिलावर असूनही कराची ओळ दिसली तर विचारावं.

परमिट रूममध्ये एकच गुणक चालत नाही. दारू जीएसटीत येत नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि त्याचा दर जेवणाच्या करापेक्षा वेगळा असू शकतो. सगळं एकत्र भागलं तर ताक पिणाऱ्याच्या वाट्याला बिअरच्या कराचा अंश येतो. अशा वेळी जेवणाचा गुणक निराळा आणि दारूचा निराळा काढावा.

पुढे संसार वाढतो आणि दोन कुटुंबं एकत्र जेवायला जातात. तेव्हा घरटी निम्मंनिम्मं करण्याची पद्धत पडते. एका घरात दोन माणसं आणि दुसऱ्यात पाच असली तरी. तिथे हिशेब घराचा असावा, पण घराच्या पदार्थांवरून. उतारवयात पथ्य लागतं, ताट निम्मं होतं, आणि तीच जुनी सारखी वाटणी पेन्शनवर पडते. अशा टेबलावर ऑर्डर देतानाच ‘तुझं तू, माझं मी’ ठरवून घ्यावं, कारण बिल आल्यावर कमी खाणाऱ्याला ते बोलवत नाही. पैसे एकाने भरावेत, बाकीच्यांनी आपापला आकडा रुपयात पूर्ण करून त्याला यूपीआयने पाठवावा, आणि उरलेल्या पैशांचा फरक बिल भरणाऱ्याने सोसावा.