नोटिशीच्या उत्तरातलं एक वाक्य

सांगली, 21 जुलै 2025

चि. मीनू,

तुझ्या उत्तराचा मसुदा वाचला. भाषा सभ्य आहे, पण एक वाक्य आजच काढून टाक: ‘आपली रक्कम देणे आहे, मात्र खराब मालामुळे झालेलं आमचं नुकसान त्यातून वजा व्हावं.’ तुला वाटतं, आपण भांडतोय. कायद्याच्या नजरेत ही कबुली ठरू शकते. मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मुदत संपण्याआधी सहीनिशी देणं मान्य केलं, की त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. सोबत पैसे द्यायला नकार दिला किंवा वजावट मागितली, तरी कबुली ती कबुलीच.

आता तारखा बघ. कास्टिंगचं वादातलं बिल 10 जून 2022 चं, उधारी 60 दिवसांची. पैसे 9 ऑगस्ट 2022 ला देय झाले आणि तिथून तीन वर्षं येत्या 9 ऑगस्टला भरतात. नोटीस जुलैत आली ती बहुधा म्हणूनच. तुझ्या त्या एका वाक्याने पुरवठादाराला आणखी तीन वर्षं मिळाली असती.

पण कबुली द्यायची नाही म्हणजे सगळंच नाकारायचं, असंही नाही. माल आलाच नाही असं लिहिलंस आणि गेटच्या नोंदवहीत तो सापडला, तर पुढे तुझ्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. जे घडलं ते तारखेनिशी लिही आणि त्यातून निघणारं देणं नाकार. हा परिच्छेद असा होईल:

‘नोटिशीच्या परिच्छेद 3 मधील मागणी मान्य नाही. सदर बिलातील 400 नगांपैकी 260 नग ब्लोहोलमुळे नापास झाले. हे 18 जून 2022 रोजी ई-मेलने कळवले. नापास नग 24 जून रोजी आपल्या अशिलांनी परत नेले. चलनावर त्यांच्या प्रतिनिधीची सही आहे. त्याच दिवशी 1,17,000 रुपयांची डेबिट नोट पाठवली. उरलेल्या 140 नगांचे 63,000 रुपये 5 ऑगस्ट 2022 रोजी एनईएफटीने दिले. या बिलापोटी काहीही देणे नाही.’

यात एकही आरोप नाही. ‘तुमच्या अशिलाने फसवलं’ लिहिलंस की फसवणूक सिद्ध करण्याचं ओझं तू विनाकारण अंगावर घेतेस. ई-मेल, चलन, डेबिट नोट आणि बँकेच्या नोंदीच्या प्रती जोड. मूळ कागद कोणालाही देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र सीएंना आजच विचार. 2022 नंतरच्या ताळेबंदांत हे 1,17,000 त्या पुरवठादाराच्या नावे देणं म्हणून दाखवले आहेत का? ताळेबंदातली नोंदही कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं आहे. अर्थात तिच्यासोबतच्या टिपांत काय लिहिलंय तेही पाहिलं जातं. डेबिट नोट पाठवली पण खात्यात घातलीच नाही, असं लहान कंपन्यांत मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. तसं असेल तर उत्तर टपालात टाकू नकोस, आधी मला फोन कर.

त्याच पुरवठादाराच्या फेब्रुवारी 2023 च्या बिलाचे 1,42,000 मात्र तू खरोखरच दिलेले नाहीस. माल चांगला होता, वापरला गेला. ते देऊन टाक. पहिल्या वादासाठी हे पैसे अडवून धरणं मला पटत नाही, आणि त्यामुळे तुझी बाजूही लंगडी पडते. भरताना बँकेच्या शेऱ्यात आणि वेगळ्या ई-मेलमध्ये बिल क्रमांक लिही. देणेकऱ्याने कोणत्या बिलापोटी पैसे दिले ते सांगितलं, तर घेणाऱ्याला ते त्याच बिलाकडे लावावे लागतात. न सांगितल्यास तो ते जुन्या, वादातल्या बिलाकडे वळवू शकतो. मग उत्तरात भरल्याची तारीख आणि यूटीआर क्रमांक एवढंच लिही.

24 टक्के व्याज त्यांच्या बिलाच्या तळाशी छापलंय. तुझ्या पर्चेस ऑर्डरमध्ये व्याजाची अट नाही. ‘अशी अट ठरलेली नव्हती, व्याजाची मागणी मान्य नाही’ एवढं पुरे. मात्र माल दिला तेव्हा त्यांची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून होती का, ते बघ. असल्यास उशिराच्या पैशांवर कायद्यानेच चढं व्याज लागतं आणि तुमची 60 दिवसांची उधारीही 45 वरच थांबते. मग देय तारीख आणि मुदतीचं गणितही पुन्हा तपासावं लागेल. माल खराब असल्याची लेखी हरकत पोचल्यापासून 15 दिवसांत घ्यावी लागते, हाही त्यातलाच नियम. तुझा ई-मेल आठव्या दिवशी गेला, हे फार बरं झालं.

तडजोडीचं बोलणं या उत्तरात आणू नकोस. करायचंच असेल तर ‘हक्कांना बाधा न येता’ असं स्पष्ट लिहून वेगळ्या पत्रात, आणि तेही मला दाखवून. अकाउंटंटलाही सांग, त्या पुरवठादाराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘थोडं थांबा, बघतो’ असं काही लिहायचं नाही.

नोटीस 14 तारखेला मिळाली, मुदत 15 दिवसांची. उत्तर कंपनीच्या लेटरहेडवर, त्यांच्या वकिलांच्या नावे, रजिस्टर पोस्टाने 29 च्या आत पोचू दे आणि पोचपावती फाइलला लाव.

तुझा,
मामा