पाण्यातून चाललात? मग कॅलेंडरवर तारीख लिहा

पोस्ट जरा मोठी आहे, पण कुर्ला, सायन, हिंदमाता, मिलन सबवे या भागात राहणाऱ्यांनी आणि तिथून रोज ये-जा करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मी महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईत कोणी विसरलेलं नाही. आम्हा वॉर्डातल्या लोकांना मात्र त्यानंतरचे दिवस जास्त आठवतात. पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली आणि मग तापाचे पेशंट यायला लागले. तरणीताठी माणसं, डोळे लालभडक, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. लेप्टो म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

एवढं पाहूनही माझ्याच घरात माझी चूक झाली. ती सांगण्यासाठी ही पोस्ट.

माझा भाचा कुरियरचं काम करतो. एका सोमवारी कुर्ल्यात एलबीएस रोडला गुडघाभर पाणी होतं. बाईक बंद पडली, ती ढकलत तो अर्धा तास पाण्यातून चालला. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या होत्याच. घरी येऊन आंघोळ केली, जेवला, झोपला.

पुढच्या आठवड्यात बुधवारी, म्हणजे नवव्या दिवशी, त्याला थंडी वाजून ताप आला. फोन आला, "मावशी, अंग फार दुखतंय गं, पोटऱ्या तर ठणकतायत." मी म्हटलं, "व्हायरल असेल, पॅरासिटामॉल घे, आराम कर." पाण्यातून गेला होतास का, हे मी विचारलंच नाही. नऊ दिवसांपूर्वीचं पाणी त्याच्याही डोक्यात नव्हतं. मेडिकलमधून त्याने अंगदुखीच्या जोरदार गोळ्या आणल्या आणि दोन-तीन दिवस घेतल्या.

शनिवारी ताप उतरला. आम्ही सगळे निर्धास्त. सोमवारी ताप परत आला. वहिनी म्हणाल्या, "डोळे पण आलेत वाटतं त्याचे." मी बघायला गेले. डोळे लाल होते, पण चिपडं नाहीत, पाणी नाही. "लघवीला कधी गेलास?" तर म्हणाला, "काल संध्याकाळी. चहासारखी झाली होती." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याच रिक्षाने त्याला रुग्णालयात नेलं. किडनीवर परिणाम झाला होता, प्लेटलेट्स कमी होत्या, कावीळ सुरू झाली होती. तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. पोरगा वाचला, किडनीही पूर्ववत झाली. पण बुधवारी मी एक प्रश्न विचारला असता, तर बहुतेक ही वेळ आली नसती.

आता नेमकं काय होतं ते समजून घ्या. लेप्टोचे जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून बाहेर पडतात. पाणी तुंबलं की ते सगळं त्यात मिसळतं. जंतू शिरतात ते पायाच्या जखमेतून, भेगांतून, चिखल्यांतून. पाण्यात भिजून मऊ पडलेली कातडी आणि डोळे-तोंडावर उडालेलं पाणीही पुरतं. म्हणून घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, जखम असेल तर झाकूनच बाहेर पडा. पण पाय धुतले म्हणजे सुटलो असं नाही.

यासाठी प्रतिबंधक गोळी आहे, डॉक्सीसायक्लिन. ती पाण्यातून चालल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी. जखम नसलेला मोठा माणूस एकदाच पाण्यातून गेला असेल, तर साधारणपणे २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. बाजारात कॅप्सूल बहुतेक १०० ची असते, म्हणून दोन एकदम. पायाला जखम असेल तर तीन दिवस, आणि सफाई कामगारांसारखं वारंवार पाण्यात उतरावं लागत असेल तर आठवड्यातून एकदा, असं काही आठवडे. तुम्ही यातल्या कोणत्या गटात बसता हे डॉक्टर ठरवतील. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना ही गोळी देत नाहीत, त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन असतं. म्हणून घरातल्या एकाला दिलेली गोळी सगळ्यांना वाटू नका. महापालिकेच्या दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात.

डॉक्सी उपाशीपोटी घेऊ नका, मळमळतं. जेवून, पेलाभर पाण्यासोबत घ्या, दुधासोबत नको. घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिकेत अडकून जळजळ होते. आणि ही गोळी धोका कमी करते, शंभर टक्के संरक्षण देत नाही. गोळी घेऊनही ताप आला तर डॉक्टरकडे जायचंच.

लेप्टो बहुतेक वेळा ५ ते १४ दिवसांनी उठतो, कधी महिन्यानेही. म्हणून म्हणते, पाण्यातून चाललात की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. पुढचे तीन दिवस गोळीसाठी. पुढचा एक महिना, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोला: "डॉक्टर, मी अमुक तारखेला तुंबलेल्या पाण्यातून चाललोय." तापाची शंभर कारणं असतात. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड सगळेच सुरुवातीला सारखे दिसतात. या एका वाक्याने डॉक्टरांचा विचार बदलतो.

सुरुवातीच्या दिवसांत लेप्टोची रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण तपासणीत दिसणारी अँटीबॉडी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे डॉक्टरांनी संशयावरूनच अँटिबायोटिक सुरू केलं तर रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणून मनानेच बंद करू नका. तापाला पॅरासिटामॉल चालतं, तेही ठरलेल्या मात्रेत. मेडिकलवाल्याकडून अंगदुखीच्या इतर गोळ्या नकोत. लेप्टोत त्या किडनीवर आणखी भार टाकतात आणि डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं, माणूस बरळायला लागला, तर दवाखाना नाही, थेट मोठं रुग्णालय, रात्र असली तरी. पायाची जखम लाल होऊन सूज वर चढत असेल तरीही थांबू नका. आणि मधेच ताप उतरला म्हणून फसू नका, लेप्टो असा उतरून परत चढतो. आम्ही तिथेच फसलो.

भाचा आता कामावर जातो. त्याच्या घरच्या कॅलेंडरवर यंदा जूनपासून तीन गोल आहेत. परवा त्याच्या शेजाऱ्याला ताप आला, तर याने आधी विचारलं, "काका, पाण्यातून गेला होतात का?"

तुमच्या घरी कोणाला ताप आला असेल, तर आज त्याला एवढंच विचारा.